‘की’ म्हणजे कपाटाची नव्हे

इंजिनीअरिंग कॉलेजात ‘इन्स्टॉलेशन डे’ म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून देण्याचा दिवस. त्याच्या चार-पाच दिवस आधी लॅब इन्चार्जचा मेसेज वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. तो साधारण असा असतो:

‘शनिवारी सकाळी 10 वाजता लॅब 3. सोबत आणायचे: 1) लॅपटॉप आणि त्याचाच चार्जर. 2) डेटाचा बॅकअप, लॅपटॉपच्या बाहेर घेतलेला. 3) बिटलॉकर रिकव्हरी की, कागदावर लिहून. 4) 8 जीबी किंवा मोठा, रिकामा पेन ड्राइव्ह. बॅकअप आणि की नसेल तर इन्स्टॉलेशन होणार नाही. नंतर विनंती करू नये.’

शेवटचे वाक्य उद्धट वाटते. पण एखाद्याचा पूर्ण सत्राचा प्रोजेक्ट डोळ्यांदेखत गेलेला ज्याने पाहिला आहे, तो इन्चार्ज ते गाळत नाही. यादीतल्या वस्तू ओळखीच्या असल्या तरी त्यांतली जवळपास प्रत्येक चुकीची आणली जाते.

सर्वाधिक गोंधळ तिसऱ्या ओळीवर होतो. ‘की आणा’ म्हटल्यावर कोणी लॅपटॉपखालच्या स्टिकरचा फोटो काढून आणतो. ती विंडोजची प्रॉडक्ट की, 25 अक्षरांची. म्हणजे खरेदीचा पुरावा. इथे तिचा उपयोग नाही. हवी असते ती बिटलॉकरची रिकव्हरी की. ती 48 अंकांची असते आणि सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते.

बिटलॉकर ही विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ती मालकाने न मागताच चालू झालेली असते. पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केले की डिस्कवरचा मजकूर सांकेतिक होतो आणि रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जमा होते. घरगुती आवृत्तीत या सोयीला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. रोजच्या वापरात ती जाणवत नाही, कारण कुलूप उघडण्याचे काम लॅपटॉपमधली टीपीएम नावाची सुरक्षा-चिप परस्पर करते. मात्र ही चिप संशयी असते. मशीन नेहमीच्याच पद्धतीने सुरू होत आहे याची खात्री पटली तरच ती किल्ली सोडते. सिक्युअर बूट बंद केले किंवा बायोसमधली एखादी महत्त्वाची सेटिंग बदलली की तिचा हिशोब जुळत नाही. मग विंडोजऐवजी निळा पडदा येतो आणि 48 अंक मागतो. लिनक्स बसवताना नेमक्या याच सेटिंग्जना हात लागण्याची शक्यता असते. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावे लागत नाही, तरीही जुने व्हिडिओ पाहून ते आधीच बंद करून येणारे विद्यार्थी असतात.

बिटलॉकर चालू आहे का आणि की कोणती, हे विंडोजमध्येच कळते. कमांड प्रॉम्प्ट ‘Run as administrator’ म्हणून उघडायचा आणि या दोन ओळी द्यायच्या:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिल्या ओळीच्या उत्तरात डिस्क किती टक्के सांकेतिक आहे आणि संरक्षण चालू आहे का, ते दिसते. दुसरीच्या उत्तरात ‘Numerical Password’ या शीर्षकाखाली एक आयडी आणि खाली 48 अंक येतात. तेच कागदावर उतरवायचे, आयडीच्या पहिल्या आठ अक्षरांसह. ही आठ अक्षरे महत्त्वाची, कारण एकाच अकाउंटमध्ये दोन-तीन लॅपटॉपच्या किल्ल्या साठलेल्या असू शकतात आणि निळा पडदा हाच आयडी दाखवून आपल्याला कोणती की हवी ते सांगतो. अंक उतरवताना चूक होईल ही भीती थोडी कमी करता येते. प्रत्येक सहा अंकी गटाला 11 ने नि:शेष भाग जातो, तशी रचनाच आहे. 135795 लिहिले तर भागाकार 12345 येतो. एक अंक चुकून 135796 झाले तर बाकी 1 उरते. म्हणून चुकीचा गट पडद्यालाही तिथल्या तिथे ओळखता येतो.

की त्याच लॅपटॉपच्या Documents मध्ये सेव्ह करून आणणारेही दर वर्षी सापडतात. कुलूप लावलेल्या घराची किल्ली आत टेबलावर ठेवण्यासारखेच ते. लॅपटॉप अडल्यावर फोनवर aka.ms/myrecoverykey उघडून की काढता येते, पण त्या अकाउंटचा पासवर्ड आठवत असेल तर. अडचण बहुधा इथेच येते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराने कोणाच्या तरी ईमेलने सुरू करून दिला असतो, किंवा मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप धाकटीकडे आलेला असतो. की त्या माणसाच्या अकाउंटमध्ये असते. विंडोज अजून सुरू होत असेल तोवर वरच्या दोन ओळींनी ती कोणालाही न विचारता मिळते. निळा पडदा आल्यानंतर मात्र कीशिवाय दुसरा रस्ता नाही, मायक्रोसॉफ्टकडेही नाही. म्हणून मेसेज चार दिवस आधी येतो.

बॅकअपच्या ओळीतले कळीचे शब्द ‘लॅपटॉपच्या बाहेर’ हे आहेत. आपल्याकडे लॅपटॉप विकत घेतानाच C: आणि D: असे दोन भाग करून देण्याची पद्धत आहे, आणि ‘सगळं डी ड्राइव्हला टाकलंय, सर’ हे वाक्य प्रत्येक इन्स्टॉलेशन डेला ऐकू येते. पण C: आणि D: ही एकाच एसएसडीवर आखलेली दोन वावरे आहेत. इन्स्टॉलरमध्ये ‘Erase disk’ हा पर्याय चुकून निवडला गेला तर बांधासकट दोन्ही नांगरली जातात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून पुसलेला डेटा काही वेळा परत मिळवता येई. एसएसडीवर ती आशाही फारशी उरत नाही, कारण लिनक्सचा नवा भाग तयार होतानाच डिस्कला ‘ही जागा मोकळी आहे’ असे कळवले जाते आणि जुना मजकूर आतून साफ होतो.

बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवरची प्रत: बाहेरची हार्ड डिस्क, दुसरा पेन ड्राइव्ह किंवा क्लाउड. प्रत घेतली म्हणून ती उघडेलच असे नाही. आदल्या रात्री रूममेटच्या लॅपटॉपवर त्यातल्या दोन-तीन मोठ्या फाइल उघडून पाहिल्या की प्रश्न मिटतो. एफएटी32 पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. कॉपी करताना तशी सूचना येते, ती न वाचता ‘Skip’ दाबले जाते आणि नेमकी व्हर्च्युअल मशीनची फाइल मागे राहते. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी गिटहबवर न ढकललेले बदल आणि ब्राउझरमधले पासवर्ड यांचीही आठवण ठेवावी. फोल्डर कॉपी करताना ते डोळ्यांना दिसत नाहीत.

सर्वांत वाईट अपघात मात्र चौथ्या ओळीतल्या ‘रिकामा’ या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने होतो. लिनक्सची फाइल लिहून पेन ड्राइव्ह ‘बूटेबल’ करताना त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. बॅकअप घेतलेला एकुलता एक पेन ड्राइव्ह विद्यार्थी विश्वासाने पुढे करतो आणि स्वयंसेवक त्यावरच उबुंटू लिहितो. डिस्कला धक्काही लागण्याआधी बॅकअप गेलेला असतो. दोन पेन ड्राइव्ह आणून एकावर चिकटपट्टी लावून ‘बॅकअप, हात लावू नये’ लिहिणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

चार्जरचे कारण विभागणीच्या क्षणात आहे. समजा, 512 जीबीचा लॅपटॉप आहे. विंडोज तो 476 जीबी दाखवते, कारण मोजणीचे एकक वेगळे. सगळी जागा C: कडे आहे आणि त्यातून लिनक्सला 60 जीबी द्यायचे आहेत. विंडोजच्या Disk Management मध्ये C: वर उजवे क्लिक करून ‘Shrink Volume’ निवडायचे आणि मेगाबाइटच्या चौकटीत 61440 भरायचे, म्हणजे 60 गुणिले 1024. हे काम विंडोजमधूनच करावे, कारण बिटलॉकरने बंद केलेला भाग लिनक्सच्या इन्स्टॉलरला लहान करता येत नाही. कधी डिस्क निम्मी रिकामी असूनही विंडोज 20 जीबीच देऊ करते. हलवता न येणारी एखादी फाइल मधोमध बसलेली असते. बहुधा हायबरनेशनची किंवा पेजिंगची. `powercfg /h off` दिल्याने पहिली निघून जाते आणि बऱ्याचदा जागा वाढते. आकुंचन झाले की 60 जीबीची पट्टी ‘Unallocated’ म्हणून काळी दिसते. ती तशीच सोडायची. तिथे नवा ड्राइव्ह तयार करायचा नाही.

हे चालू असताना फाइली एका जागेवरून दुसरीकडे सरकत असतात आणि डिस्कचा नकाशा पुन्हा लिहिला जात असतो. त्याच क्षणी मशीन बंद पडले तर नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ राहत नाही. चार्जर असला तरी वीज जाऊ शकते. तेव्हा बॅटरी सांभाळून घेते. म्हणून दोन्ही शाबूत हवीत. चार्जर काढताच बंद पडणारा लॅपटॉप असेल तर ते आधीच सांगावे, म्हणजे त्याला यूपीएसच्या सॉकेटवर बसवता येते. ‘त्याचाच चार्जर’ असे लिहिण्याचेही कारण आहे. फोनचा टाइप-सी चार्जर बसतो, पण लॅपटॉपची भूक भागवत नाही. बॅटरी चार्जर लावूनही उतरत राहते.

इन्चार्जच्या डोक्यात आणखी एक हिशोब असतो. 6 अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड 230 व्होल्टवर सुमारे 1380 वॅट सोसतो. साधे 65 वॅटचे चार्जर त्यावर वीस-एकवीस चालतील, पण 230 वॅटचे गेमिंग लॅपटॉप सहाच. सातवा लावला की फ्यूज किंवा एमसीबी उडू शकतो, आणि त्या बोर्डावरचे सगळेच बॅटरीवर येतात. म्हणून गेमिंग लॅपटॉपवाल्यांना मुद्दाम लांब लांब बसवले जाते.

काम संपल्यावर इन्चार्ज घरी जाऊ देण्याआधी दोन्ही सिस्टिम एकेकदा सुरू करून दाखवायला लावतो, विंडोज दुसऱ्यांदा. निळा पडदा यायचा असेल तर तो बहुधा या वेळी येतो. तेव्हा कागद काढून 48 अंक भरायचे. विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरायचे नाही. लिनक्सने मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवलेली असते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये `timedatectl set-local-rtc 1` दिले की दोन्हींकडे एकच वेळ दिसू लागते.