एम-थ्री राहिला होता, सर

कॅम्पस मुलाखती सुरू होण्याआधी मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सरावाच्या मुलाखती घ्यायला जातो. मागे एका मेकॅनिकलच्या मुलाच्या बायोडेटात डिप्लोमा 2022 चा होता, डिग्री 2026 ला संपणार होती. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीनच वर्षं लागायला हवीत.

"एक वर्ष कुठं गेलं?"

"सर, थोडे वैयक्तिक प्रॉब्लेम होते."

"कसले?"

"म्हणजे तब्येत... आणि पेपरही कडक तपासले होते."

एका प्रश्नाला तीन कारणं आली, की मुलाखत घेणारा चौथा प्रश्न विचारतोच. पाचव्या प्रश्नाला खरं निघालं : एम-थ्रीसकट पाच विषय राहिले आणि वायडी लागला.

मग आम्ही ते उत्तर कागदावर उतरवलं. कारण खरं तर साधं होतं. डिप्लोमाच्या मुलांचं डिग्रीचं पहिलं वर्ष होत नाही, त्यामुळे एम-वन, एम-टू न शिकताच ती एम-थ्रीला बसतात. त्यात प्रवेशफेऱ्या लांबल्याने हा वर्गात आला तेव्हा लाप्लास शिकवून झालं होतं. पण एवढ्यावर थांबलं तर ते गाऱ्हाणं होतं. म्हणून त्याची स्वतःची चूकही घातली : पाया पक्का न करता त्याने जुन्या पेपरांतली गणितं पाठ केली होती.

नवं उत्तर असं झालं : "सर, दुसऱ्या वर्षी माझे पाच विषय राहिले आणि एक वर्ष गेलं. गणिताचा पाया कच्चा होता, तरी मी पाठांतरावर भागवलं. त्या वर्षी एम-वनपासून गणित केलं, सकाळी काकांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलं. पाचही विषय सुटले. आता लाइव्ह बॅकलॉग नाही." अर्ध्या मिनिटात संपतं. आकडा आधी, कारण एका वाक्यात, आणि पुढे गप्प बसायचं.

फॉर्म भरताना मात्र आणखी जपावं लागतं. 'सध्याचे बॅकलॉग' आणि 'आजवरचे बॅकलॉग' हे दोन वेगळे रकाने असतील, तर पहिल्यात शून्य, दुसऱ्यात पाच. कागदपत्रं तपासताना गुणपत्रिका मागतात. तिथे तफावत दिसली, तर हातात आलेली ऑफरही जाऊ शकते. आणि एखाद्या कंपनीची अटच 'एकही वर्ष वाया नको' अशी असेल, तर तिथे कितीही चांगलं उत्तर कामाला येत नाही. अर्ज आधीच गळतो.

तो उठायला लागला, तेव्हा मी कागद पुढे सरकवला. "गणित केलंस म्हणालास ना? मग e^(at) चा लाप्लास लिही."

तो दचकला. मग लिहिलं : 1/(s − a).

"हा प्रश्न येणारच," मी म्हटलं. "ज्या विषयाचं नाव घेशील, त्यातलंच विचारतील."