डब्याचा खाडा

आमच्या डबेवाल्या काकूंनी डब्यासोबत चिठ्ठी पाठवली: १ तारखेपासून २६ डब्यांचे २६०० ऐवजी २८६० रुपये. खाडा आदल्या रात्री ८ पर्यंत कळवला, तरच डब्यामागे ७० रुपये वजा होतील.

डबा ११० चा, मग वजावट ७० चीच का? शेजारच्या मुलाने विचारलंच. काकू म्हणाल्या, "अरे, तू गावी गेलास तरी डबे पोचवणाऱ्याचा पगार आणि जागेचं भाडं तेवढंच राहतं. वाचतो तो शिधा नि गॅस."

मला हे रास्त वाटतं. ४ दिवस गेलात, तर २८० वजा होऊन २५८० द्यायचे. रात्री ८ नंतर मात्र डबे मोजून हरभरे भिजत पडलेले असतात.