ठिबकच्या आराखड्यातले तीन फसवे शब्द

ठिबकचा आराखडा मराठीत आणताना शब्दाला शब्द सापडतो, पण त्यामागचं माप बऱ्याचदा गळून पडतं. मग शेतकरी शब्दाचा आपल्याला सुचेल तो अर्थ लावतो.

गैरसमज : ‘४ लिटर प्रवाह’ म्हणजे ड्रीपर प्रत्येक पाळीला ४ लिटर पाणी देणार.

वस्तुस्थिती : हे माप तासाचं असतं आणि तेही ठरलेल्या दाबाला, साधारणपणे १ किलोला. म्हणून मराठीत ‘१ किलो दाबाला ताशी ४ लिटर’ असं पूर्ण लिहावं. त्याची खात्री वावरातच करता येते. ड्रीपरखाली वाटी धरली, तर ३ मिनिटांत २०० मिली पाणी जमायला हवं. समजा, लॅटरलच्या सुरुवातीला २०० मिली आणि शेवटी १६० मिली भरलं. ड्रीपर साधा असेल, तर शेवटी दाब १ किलोवरून सुमारे ०.६४ किलोवर आला आहे. दाब ३६ टक्के घटला, तरी पाणी २० टक्केच घटतं, कारण साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो.

गैरसमज : ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’ ड्रीपर कमी पडलेला दाब भरून काढतो.

वस्तुस्थिती : ‘दाब भरपाई’ असं भाषांतर केलं की नुकसानभरपाईच आठवते. हा ड्रीपर दाब वाढवत नाही. आत रबरी पडदा असतो. दाब वाढला की तो वाकून पाण्याची वाट अरुंद करतो, म्हणून प्रवाह जवळपास सारखा राहतो. त्याला ‘समप्रवाही ड्रीपर’ म्हणावं आणि पुढे पत्रकातली दाबाची मर्यादा लिहावी. चढाच्या वावरात किंवा लांब लॅटरलवर तो उपयोगी पडतो, पण दाब खालच्या मर्यादेच्याही खाली गेला की त्याचंही पाणी कमी होतं.

गैरसमज : फिल्टरची ‘मेश’ जितकी जास्त, तितकी भोकं मोठी.

वस्तुस्थिती : नेमकं उलट. मेश म्हणजे एका इंच लांबीत बसणाऱ्या भोकांची संख्या. आकडा वाढला की जाळी बारीक होते. १२० मेशचं भोक सुमारे १३० मायक्रॉन, म्हणजे ०.१३ मिलिमीटर असतं. म्हणून ‘१२० मेश (भोक ०.१३ मिमी)’ असं लिहिलं की घोटाळा टळतो. मात्र शेततळ्यातलं शेवाळ एकट्या जाळीच्या फिल्टरवर सोपवू नये. त्याने जाळी लवकर तुंबते, म्हणून आधी सँड फिल्टर लागतो.

वाटीत पाणी कमी भरलं, तर दोष दाबाचा की चोंदण्याचा, हेही ओळखता येतं. सपाट रानात लॅटरलच्या टोकाकडे पाणी क्रमाने कमी होत गेलं, तर दाब तपासावा. शेजारचे ड्रीपर नीट चालत असताना मधलाच एखादा मंदावला असेल, तर तो चोंदलेला समजावा.