कोष्टक हातात आहे, पण ओळ सापडत नाही

इंजिनीअरिंगच्या एम-थ्रीच्या पेपरात लाप्लास ट्रान्सफॉर्मचं कोष्टक पाठ असलेली मुलंसुद्धा गुण घालवतात. कोष्टकात नेमकी आपली ओळ कधीच छापलेली नसते, ती आपल्याला घडवावी लागते, आणि गुण जातात ते तिथे. म्हणून एकच गणित घेऊन सावकाश पुढे जाऊ.

एक कपॅसिटर 3 व्होल्टपर्यंत चार्ज केलेला आहे. तो 2 ओहमचा रोध आणि 1 हेन्रीची कॉइल यांच्यामार्फत 2 व्होल्टच्या सेलला जोडायचा आहे. कपॅसिटन्स 0.2 फॅरड धरू. प्रत्यक्षात हा आकडा फार मोठा आहे, पण आकडेमोड सोपी होते. बटण दाबल्यापासून, म्हणजे t = 0 पासून, कपॅसिटरवरचा दाब v कसा बदलत जाईल? सर्किटचा नियम लावून सगळ्याला 5 ने गुणलं की असं समीकरण मिळतं:

v'' + 2v' + 5v = 10

एवढ्यावर उत्तर ठरत नाही. सुरुवात कुठून झाली हेही सांगावं लागतं. v(0) = 3 दिलेलंच आहे. दुसरी अट सर्किट स्वतः सांगतं. कॉइलमधला प्रवाह एका क्षणात उडी मारू शकत नाही, बटण दाबण्यापूर्वी तो शून्य होता, म्हणून दाबल्याक्षणीही तो शून्यच. कपॅसिटरचा प्रवाह v' च्या प्रमाणात असतो, म्हणून v'(0) = 0.

आता लाप्लास. ज्यांनी लॉग टेबल वापरली आहेत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल: अवघड गुणाकार लॉगच्या दुनियेत नेला की बेरीज होते, आणि शेवटी अँटिलॉग पाहून परत यायचं. इथे विकलक समीकरण s च्या दुनियेत नेलं की साधं बीजगणित उरतं. परत येताना कोष्टक उलट दिशेने वाचायचं. नाव फ्रेंच गणिती लाप्लास यांचं असलं, तरी सर्किटच्या गणितात अशा रीतीची धडाडीने सुरुवात केली ती ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तारखात्यातल्या माणसाने, तीही सिद्धतेची फारशी पर्वा न करता.

v च्या ट्रान्सफॉर्मला V म्हणू. लागणाऱ्या ओळी अशा:

```
v'             ->  sV - v(0)
v''            ->  s²V - s·v(0) - v'(0)
1              ->  1/s
e^(-at)cos bt  ->  (s+a)/((s+a)²+b²)
e^(-at)sin bt  ->  b/((s+a)²+b²)
```

दुसऱ्या ओळीत s ची घात एकेकाने उतरते आणि v वरच्या प्रिमांची संख्या एकेकाने चढते, एवढं लक्षात ठेवलं तर v(0) आणि v'(0) ची अदलाबदल होत नाही. समीकरणात घातल्यावर:

s²V − 3s − 0 + 2(sV − 3) + 5V = 10/s

कंसातल्या −3 कडे नीट पाहा. सुरुवातीची अट v'' साठी वापरून झाली की 2v' साठीही ती लागते, याचा बऱ्याच जणांना विसर पडतो. कंसच टाकला नाही तर 6 ऐवजी 3 च पलीकडे जातो आणि पुढचं सगळं चुकतं. नीट केल्यास:

(s² + 2s + 5)V = 3s + 6 + 10/s

V = (3s² + 6s + 10) / (s(s² + 2s + 5))

इथपर्यंत सुरुवातीच्या अटी समीकरणात मुरल्या आहेत. नेहमीच्या पद्धतीत शेवटी स्थिरांक शोधत बसावं लागतं, ते काम इथे उरत नाही.

पुढचं पाऊल पार्शियल फ्रॅक्शनचं. छेदातल्या s² + 2s + 5 चे वास्तव अवयव पडत नाहीत, म्हणून त्याच्या डोक्यावर Bs + C असा पूर्ण अंश ठेवायचा:

V = A/s + (Bs + C)/(s² + 2s + 5)

A साठी s झाकून बाकीच्यात s = 0 घाला: 10/5 = 2. मग दोन्ही बाजूंचे s² चे सहगुणक जुळवले की A + B = 3, म्हणून B = 1. s चे जुळवले की 2A + C = 6, म्हणून C = 2.

V = 2/s + (s + 2)/(s² + 2s + 5)

पहिल्या पदाची ओळ कोष्टकात तयार आहे. दुसऱ्याची नाही. आधी छेदाचा पूर्ण वर्ग करा: s² + 2s + 5 = (s + 1)² + 4. म्हणजे a = 1, b = 2. पण कोसाइनच्या ओळीत अंशातही s + 1 च हवा आणि आपल्याकडे s + 2 आहे. इथे घाईघाईने e⁻ᵗcos 2t लिहून मोकळं होणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक. अंश फोडून लिहा:

s + 2 = (s + 1) + 1

(s + 1) चा भाग कोसाइनला गेला. उरलेला 1 साइनला जातो, पण साइनच्या ओळीत अंशात b, म्हणजे 2, लागतो. आपल्याकडे 1 आहे, म्हणून बाहेर ½ येतो. आता ओळी जुळल्या:

v = 2 + e⁻ᵗ(cos 2t + ½ sin 2t)

उत्तर बरोबर आहे का, हे शेवटचं पान न उलटता कळतं. t = 0 घाला: 2 + 1 = 3, बरोबर. विकलन करून सोपं केलं की v' = −2.5 e⁻ᵗ sin 2t येतं, ते t = 0 ला शून्य. तो ½ विसरून 1 लिहिला असता, तर v'(0) चं उत्तर 1 आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. शिवाय t वाढत गेला की e⁻ᵗ विझतो आणि v 2 वर स्थिरावतो, म्हणजे कपॅसिटर सेलच्या दाबाला येतो. व्हायला हवं तसंच. मात्र तिथे तो सरळ उतरत येत नाही. v' पुन्हा शून्य होतं t = π/2 ला, साधारण 1.57 सेकंदांनी, तेव्हा v सुमारे 1.79 असतो. दाब 2 च्या खाली घसरतो, परत वर येतो, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जातो.

अंतिम मूल्य V वरूनच काढायची एक सोय पुस्तकात असते: s ने गुणा आणि s शून्याकडे न्या. आपल्याकडे 10/5 = 2 येतं. पण ही सोय डोळे झाकून वापरू नये. 1/(s − 1) ला ती लावली तर उत्तर शून्य येतं, प्रत्यक्षात ते फल आहे eᵗ, जे वाढतच जातं. sV च्या छेदाची सगळी मुळं डावीकडे, म्हणजे ऋण वास्तव भागाची असतील तरच ती चालते. आपली मुळं −1 ± 2i आहेत, म्हणून चालली.

आणखी एक सापळा अटींच्या वेळेचा. कोष्टकाला मूल्यं t = 0 ची लागतात. प्रश्नात v(2) आणि v'(2) दिलं असेल तर आधी T = t − 2 असा नवा काळ घ्यायचा, गणित T मध्ये सोडवायचं आणि शेवटी t परत आणायचा. उजवीकडे t असलेलं पद असेल तर तेही T मध्ये लिहावं लागतं.

आणि ही सगळी रीत सहगुणक स्थिर असेपर्यंतच इतकी सरळ आहे. कॉइलला लोखंडी गाभा असेल आणि प्रवाह खूप वाढला तर गाभा संपृक्त होतो, मग 1 हेन्री हा आकडाच प्रवाहासोबत बदलू लागतो. तेव्हा समीकरणात v आणि त्याच्या विकलनांचे गुणाकार शिरतात, आणि गुणाकाराच्या ट्रान्सफॉर्मसाठी अशी सोपी ओळ कोष्टकात नाही. मग रुंगे-कुट्टासारख्या रीतीने, काळाचे छोटे छोटे तुकडे करून, संगणकावर आकडे काढावे लागतात.