दोन रकाने, एकच आकडा

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक मराठीचा आणि एक इंग्रजीचा. दोन्ही भाषा येणाऱ्या वाचकाला नजर इकडून तिकडे फिरवली की मजकूर ताडून पाहता येई. आज नवे उत्पादन बाजारात आणणारी कंपनीही प्रेसनोट दोन भाषांत काढते. पण त्या दोन स्वतंत्र फायलींतून जातात. इंग्रजी दैनिकाचा वार्ताहर मराठी फाइल उघडत नाही आणि मराठी डेस्कवरच्या उपसंपादकाला इंग्रजी वाचायला वेळ नसतो. त्यामुळे दोन्हींत फरक राहिला असेल, तर तो दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रे शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापूर भागातला एक कारखाना पाठीवर घ्यायचा बॅटरीवरचा फवारणी पंप बाजारात आणतो आहे. टाकी १६ लिटरची. किंमत जीएसटीसह ४,७५० रुपये. एकदा चार्ज केला की २० टाक्यांपर्यंत फवारणी होते. औषध ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते, असा कंपनीचा दावा आहे. मोटरची हमी दोन वर्षांची, बॅटरीची सहा महिन्यांची. कारखान्यात १२.५ कोटी रुपये गुंतवले आहेत आणि पहिल्या वर्षी २५,००० पंप विकण्याचे उद्दिष्ट आहे. इतक्या छोट्या मजकुरात दोन भाषांची फारकत होण्याच्या जागा किती आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

आधी इंग्रजी नोट लिहायची आणि मग तिचे भाषांतर करायचे, ही रूढ पद्धत. तिच्यात खोट अशी की इंग्रजीतली चूक मराठीत उतरते आणि मराठीत नवी चूक पडते. म्हणून जाणकार माणूस नोट लिहायला बसण्यापूर्वी एक तक्ता करतो. प्रत्येक आकड्याला एक ओळ. तीत पाच गोष्टी: आकडा कशाचा, इंग्रजीत कसा छापायचा, मराठीत कसा छापायचा, त्याला कोणती अट चिकटलेली आहे आणि कंपनीतल्या कोणी तो खरा असल्याचे सांगितले. आपल्या पंपाला अशा आठ ओळी पुरतात. दोन्ही नोटा या तक्त्यावरून लिहायच्या, एकीवरून दुसरी नाही. नंतर किंमत बदलली तर आधी तक्त्यात बदलायची, मग दोन्हीकडे.

तक्त्यातला सर्वांत फसवा आकडा गुंतवणुकीचा. इंग्रजी नोट परदेशी वार्ताहरांनाही जाणार म्हणून कोणीतरी १२.५ कोटींचे मिलियन करतो. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, तेव्हा उत्तर १२५ मिलियन यायला हवे. पण साडेबारा हा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि हात १२.५ मिलियन लिहून जातो. गुंतवणूक एका फटक्यात सव्वा कोटीवर येते. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रेही लाख-कोटीच वापरतात, त्यामुळे देशातल्या दोन्ही नोटांत लाख-कोटीच ठेवावेत. मिलियनची गरज परदेशी प्रतीलाच असेल, तर ती तिसरी प्रत समजून वेगळी तपासावी. एकराचे हेक्टर करण्यालाही हाच नियम. दोन्ही भाषांत एकच एकक ठेवले, तर रूपांतराचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा सापळा अंकांचा. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. त्यामुळे नजरेने ताडताना चूक निसटते. यावर साधी युक्ती अशी की पडताळणी पूर्ण होईपर्यंत मराठी मसुद्यातही इंग्रजी अंकच ठेवायचे. सगळे जुळले की शेवटी ‘शोधा आणि बदला’ वापरून ते एकदम मराठी करायचे, हाताने पुन्हा टाइप करायचे नाहीत. नोट युनिकोडमध्ये पाठवावी हेही इथेच सांगायला हवे. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो. तो सुधारणारा माणूस आकडे अंदाजाने भरण्याची भीती असते. म्हणून सोबत पीडीएफ द्यावी, म्हणजे मूळ काय होते ते दिसते.

आकडा जुळला म्हणजे काम संपले असे नाही, कारण बातमीत आकड्याआधी त्याची अट गळते. इंग्रजीत ही अट बहुधा ‘अप टु’सारख्या सुट्या शब्दात असते. मराठीत ती प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात लपते, आणि एक अक्षर बदलले की अर्थ फिरतो. पंपाने औषध ‘३० टक्क्यांनी’ कमी लागते म्हटले, तर ते प्रत्येक शेतकऱ्याला दिलेले आश्वासन होते. ‘३० टक्क्यांवर’ येते म्हटले, तर ७० टक्के बचत झाली. आणि ‘३० टक्क्यांपर्यंत कमी’ हे शब्दशः बरोबर असलेले भाषांतरही दोन अर्थांचे आहे: जास्तीत जास्त ३० टक्के घट, की घटून ३० टक्क्यांवर? इथे शब्दाला शब्द न ठेवता वाक्य मोडावे: ‘औषधात जास्तीत जास्त ३० टक्के बचत होऊ शकते.’ इंग्रजी दुरुस्त करूनही तेच सांगावे. बचत कशाच्या तुलनेत, हातपंपाच्या की पेट्रोलवरच्या पंपाच्या, हेही दोन्हीकडे यायला हवे.

अट गळली की काय होते, याचे ठळक उदाहरण टाटांची नॅनो. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली गेली, तेव्हा जाहीर झालेली एक लाख रुपये ही विक्रेत्याकडची किंमत होती; व्हॅट आणि वाहतूक खर्च त्यावर वेगळा. पण लोकांच्या तोंडी राहिली ती ‘लाखाची गाडी’. आकडा गोल आणि बोलका असला की अट टिकत नाही. म्हणून ती तळटीपेत न टाकता आकड्याच्याच वाक्यात, त्याला खेटून ठेवावी: ‘जीएसटीसह ४,७५० रुपये’. उपसंपादकाने वाक्य छाटले तरी हे दोन शब्द सहसा आकड्यासोबत जातात.

आता अवतरणांकडे वळू. प्रेसनोटमधली अवतरणे पुष्कळदा जनसंपर्क विभागातला माणूस लिहितो आणि साहेब मान्य करतात. छापले गेले की मात्र ते साहेबांचे शब्द. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे वाक्य मुळात कोणत्या भाषेतले? समजा संचालक मराठीत बोलले: “पहिल्या वर्षी २५,००० पंप विकण्याचं आमचं उद्दिष्ट आहे. वर्षभर आम्ही शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन हा पंप वापरून पाहिला आणि मगच बाजारात आणला.” हे मूळ ठरले. इंग्रजी करणारा ते झोकदार करायला जातो. ‘उद्दिष्ट आहे’ याचे ‘विकू’ होते. ‘बांधावर जाऊन वापरून पाहिला’ याचे ‘सखोल फील्ड ट्रायल्स’ होते. पहिल्या बदलाने अपेक्षेचे वचन झाले. दुसरा बदल अधिक अवघड, कारण फील्ड ट्रायल म्हटले की वार्ताहर विचारणार: किती एकरांवर, कोणत्या पिकावर, अहवाल कुठे आहे? संचालकांनी तसे काहीच म्हटलेले नव्हते.

अवतरण तंतोतंत सारखे असणे म्हणजे शब्दांचा क्रम सारखा असणे नव्हे. वाक्यांची संख्या तीच, दावे तेच आणि दाव्यांचा जोरही तोच असला पाहिजे. ‘अपेक्षा’, ‘उद्दिष्ट’, ‘प्रयत्न’ आणि ‘करणारच’ या चार पायऱ्या आहेत. भाषांतरात एकही पायरी वर चढायची नाही की खाली उतरायची नाही. इंग्रजीतला ‘वी’ मराठीत आणताना ‘आम्ही’ की ‘आपण’ हे बोलणाऱ्यालाच विचारावे. ‘आम्ही पाणी वाचवू’ म्हणणारी कंपनी जबाबदारी घेते, ‘आपण पाणी वाचवू’ म्हणणारी ती शेतकऱ्याबरोबर वाटून घेते. पदनामही तपासावे, कारण व्यवस्थापकीय संचालक आणि कार्यकारी संचालक हे दोन वेगळे लोक असू शकतात. आणि इंग्रजीत थेट अवतरण असेल तर मराठीतही ते थेटच द्यावे. ‘असे त्यांनी सांगितले’ म्हणून गुंडाळलेल्या वाक्यात त्यांचे शब्द कुठे संपले ते कळत नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर हा फरक आणखी महाग पडतो. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार महत्त्वाच्या ठरणाऱ्या उत्पादनाच्या सादरीकरणाची माहिती शेअर बाजारालाही द्यावी लागते. तिथे ‘उद्दिष्ट’ आणि मराठी दैनिकात ‘विकणार’ आले, तर खुलासा मागितला जातो तो कंपनीकडे, भाषांतरकाराकडे नाही.

शेवटची तपासणी ‘दर्पण’च्या पद्धतीनेच करावी. दोन्ही नोटा एका कागदावर दोन रकान्यांत, परिच्छेदासमोर परिच्छेद अशा छापाव्यात. एकाने इंग्रजी मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मराठीवर खूण करत जावे. मग तक्ता घेऊन मराठी नोट शेवटून सुरुवातीकडे तपासावी. उलटे वाचले की वाक्याचा ओघ तुटतो आणि आकडा उघडा पडतो. दोन्हीकडचे आकडे मोजूनही पाहावेत, पण ‘एक’ हा शब्द मोजू नये. मराठीत तो पुष्कळदा संख्या नसून ‘एक शेतकरी म्हणाला’ अशा नुसत्या उल्लेखासाठी येतो. अवतरणाचे भाषांतर मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडे द्यावे आणि ते मूळ भाषेत तोंडी सांगायला लावावे. संचालकांना त्यात आपले म्हणणे ओळखू आले नाही, तर भाषांतर चुकले.

चूक शिरण्याची खात्रीची वेळ म्हणजे आदली रात्र. साडेदहाला फोन येतो की किंमत ४,७५० नव्हे, ४,८९० करा. इंग्रजी फाइल उघडी असते, ती लगेच सुधारली जाते. मराठी करणारा घरी गेलेला असतो. म्हणून फायलीच्या नावात तारीख आणि वेळ घालावी, दोन्हींची वेळ एकच असल्याशिवाय एकही नोट पाठवू नये आणि दोन्ही एकाच मेलने पाठवाव्यात.

काही कंपन्या नोटेखाली एक ओळ टाकतात: दोन मजकुरांत तफावत आढळल्यास इंग्रजी ग्राह्य धरावे. वकिलाला ती सोयीची वाटते. पण सांगलीच्या बाजारात मराठी बातमीचे कात्रण घेऊन दुकानात आलेल्या शेतकऱ्याने ती ओळ वाचलेली नसते, कारण ती बातमीत छापलीच जात नाही. त्याला दुकानदार पंप ४,८९० ला देत असेल आणि कात्रणात ४,७५० असेल, तर त्याच्या दृष्टीने कंपनी खोटे बोलली. त्या ओळीऐवजी दोन्ही रकान्यांखाली संचालकांची सही घ्यावी.