‘परशन’ ते ‘प्रश्न’ : उर्दू बोलणाऱ्या मुलांना मराठी जोडाक्षरं कशी शिकवायची?

सहावीच्या वर्गात एक मुलगा मराठीचा धडा वाचायला उभा राहतो. पहिल्याच ओळीत ‘प्रश्न’ येतो आणि तो वाचतो ‘परशन’. पुढे ‘स्वच्छ’चं ‘सवच्छ’ होतं, ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतो. त्यानंतर वाचायला कोण येणार असं विचारलं की हा मुलगा खाली बघतो. पुढच्या आठवड्यातल्या श्रुतलेखनाच्या वहीतही तो ‘परशन’च लिहितो, कारण कानाला तेच ऐकू आलेलं असतं.

जळगाव असो की धुळे, आपल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत हे चित्र नवीन नाही. घरी मात्र पालक म्हणतात, “याची जीभच जड आहे.” जीभ जड नाही. या चुका कुठेही आणि कशाही होत नाहीत, त्यांची जागा ठरलेली असते. ती जागा एकदा कळली की उपायही सापडतो.

स्वर नेमका कुठे घुसतो?

आपल्या घरच्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं चिकटून येणं फारसं चालत नाही. मग जीभ मदतीला एक छोटा स्वर आणते. हा स्वर दोन ठिकाणी बसतो.

स च्या पुढे क, ट, त, प असेल तर स्वर शब्दाच्या आधी येतो : इस्कूल, इस्टेशन, इस्पेशल. बाकीच्या जोड्यांत तो मधे शिरतो : किलास, पिलेट, टिरेन, परकाश, सवच्छ. म्हणून ‘स्टेशन’ आणि ‘प्रश्न’ यांना एकच औषध लागू पडत नाही.

असं करणारे आपण एकटे नाही. अरबी भाषेत शब्द दोन व्यंजनांनी सुरू होतच नाही. म्हणून ग्रीक ‘प्लाटोन’ अरबीत येताना ‘अफलातून’ झाला. मराठीनेही आपल्या शब्दांचं हेच केलंय, फक्त शब्दाच्या शेवटी. हुक्मचं हुकूम, कब्रची कबर, उम्रची उमर, जख्मची जखम, अक्लची अक्कल, मुल्कचा मुलूख. मराठी माणसाने ‘हुकूम’ म्हटलं तर कुणी हसत नाही, तो शब्दकोशात जातो. तेव्हा मुलाला आधी एवढं सांगा की ही चूक बुद्धीची नाही, सवयीची आहे.

साकिन म्हणजेच अर्धं अक्षर

आपल्या मुलांकडे एक साधन आधीपासून असतं. ते मराठीच्या तासाला कुणी वापरत नाही. मकतबमध्ये नूरानी कायदा शिकताना मूल जज्म ओळखायला शिकतं. ज्या हर्फावर जज्म असतो तो साकिन. त्याला स्वतःचा स्वर नसतो, आधीच्या हर्फाला टेकून तो बोलला जातो.

मराठीतलं अर्धं अक्षर म्हणजे हाच साकिन. ‘पुस्तक’मधला अर्धा स् साकिन आहे, ‘शब्द’मधला अर्धा ब् साकिन आहे. उर्दूच्या छापील पुस्तकात जज्म सहसा लिहिलेला नसतो, वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. देवनागरी मात्र अक्षर अर्धं करून दाखवते. मुलाला ‘जोडाक्षर’ म्हटलं की भीती वाटते. “यात साकिन कोणता, दाखव बरं” म्हटलं की तो लगेच बोट ठेवतो.

आणि दोन व्यंजनं चिकटवणं त्याच्या जिभेला अगदीच नवीन नाही. सूरह कद्रच्या पाचही आयतींवर वक्फ केला तर शेवटी दोन साकिन एकत्र येतात : कद्र, शह्र, अम्र, फज्र. चांगल्या उस्तादकडे शिकलेलं मूल तिथे ‘फजर’ म्हणत नाही.

पहिली पायरी : शब्दाच्या मधलं जोडाक्षर

सुरुवात नेहमी मधल्या जोडाक्षरापासून करा, कारण तिथे आधीच्या अक्षराचा आधार असतो. शब्द साकिनवर तोडा : पुस्–तक, शब्–द, रस्–ता. मग य आणि र यांच्या जोड्या घ्या. मराठीत ‘विद्या’ म्हणताना द् दोनदा लागल्यासारखा ऐकू येतो : विद्–द्या. तसंच मित्–त्र, पत्–त्र. आधीच्या अक्षरावर जोर पडतो, यालाच व्याकरणात आघात म्हणतात. हा जोर दिला की मधे स्वर घुसायला जागा उरत नाही. ‘विद्यार्थी’ मग असा होतो : विद्–द्यार्–थी.

इथे एक सवय सांभाळावी लागते. तजवीदमध्ये क़ाफ, तोय, बे, जीम, दाल हे पाच हर्फ साकिन असले की कलकला करतात, म्हणजे किंचित घुमवतात. काही मुलं तोच घुमारा मराठीत आणतात आणि ‘शब्द’ ‘शबअद’सारखा ऐकू येतो. त्यांना सांगा, कलकला तिलावतीसाठी. मराठीत ब वर ओठ मिटायचे आणि थेट द वर उघडायचं.

दुसरी पायरी : शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर

खरी अडचण इथे आहे. मागे आधारच नाही. मग आधार उसना घ्यायचा, आधीच्या शब्दाकडून.

ही युक्तीही मूल रोज वापरतं. ‘इस्म’ हा शब्द एकटा असेल तर त्याच्या सुरुवातीला इ लागतो. पण ‘बिस्मिल्लाह’मध्ये आधी ‘बि’ आला, साकिन स् त्याला टेकला आणि ‘इस्म’चा इ गळून पडला. मराठीत तेच करायचं. ‘प्रश्न’ एकटा न देता ‘हा प्रश्न’ द्या आणि तोडा असा :

हाप् – रश् – न

प् आता ‘हा’ला टेकला, सुरुवातीला उरला नुसता र. मूल हे पहिल्याच दिवशी म्हणू शकतं. चार-पाच वेळा म्हणून झाल्यावर ‘हा’ हळू आवाजात म्हणायला सांगा, नंतर फक्त मनात. ओठ मिटलेले असतानाच जिभेचं टोक र साठी वर न्यायला सांगा. ओठ उघडतील तेव्हा र तयारच असेल, मधे अ ला वेळच मिळणार नाही. ओठ आधी उघडले आणि जीभ नंतर हलली की झालं पुन्हा ‘परशन’.

क्र, ग्र हेही असेच सोपे, कारण क जिभेच्या मागच्या भागाने होतो आणि टोक मोकळं असतं. त्र आणि ट्र अवघड, कारण दोन्ही आवाज जिभेच्या टोकालाच करायचे असतात. म्हणून क्रम ठेवा : आधी प्र, ब्र, मग क्र, ग्र, त्र, ट्र शेवटी.

‘स्टेशन’ला आणखी सोपी वाट आहे. स हवा तेवढा लांबवता येतो. स्‌ऽऽऽ असा नुसता फुसकारा काढून थेट ‘टेशन’ म्हणायचं. मुलाला आपलं बोट गळ्यावर ठेवायला लावा. स म्हणताना गळा थरथरत नाही, इ म्हणताना थरथरतो. फुसकाऱ्याच्या आधी गळा थरथरला तर इ आला, हे मुलाला स्वतःलाच कळतं. कुणी टोकायची गरज राहत नाही.

तिसरी पायरी : तीन व्यंजनं

‘महाराष्ट्र’मध्ये ष्, ट्, र तिन्ही एकत्र आहेत. असा शब्द शेवटाकडून बांधायचा. आधी ‘ट्र’, मग ‘ष्ट्र’, मग ‘राष्–ट्र’, शेवटी ‘महा–राष्–ट्र’. पुढून सुरुवात केली तर मूल दमतं ते नेमकं अवघड जागी. मागून आलं तर अवघड भाग आधीच पक्का झालेला असतो. हे जमलं की आपल्या विद्यापीठाचं पूर्ण नाव म्हणून घ्या : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. मधली त्त, द्य, त्री, ष्ट्र ही सगळी वळणं त्यात आहेत, आणि उद्या प्रवेशाच्या वेळी हे नाव त्याला सांगायचंच आहे.

जिथे जोर द्यायचा नाही

आघात शिकल्यावर मुलं तो सगळीकडे देऊ लागतात. ‘तुम्ही’, ‘कोल्हा’ यांत ह हलका आहे, ‘तुम्–म्ही’ म्हणायचं नाही. र चंही तसंच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्यात जोर आहे : दर्–या. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, त्यात जोर नाही. लिहिण्यातला फरक म्हणूनच आहे, डोक्यावर रफार असेल तर जोर, पोटाशी ऱ्य असेल तर नाही.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

टाळ्या वाजवून अक्षरं मोजायची पद्धत अनेक शिक्षक वापरतात. ‘इस्टेशन’ पकडायला ती चांगली, कारण दोनऐवजी तीन टाळ्या पडतात. पण ‘प्रकाश’ला दोन आणि ‘परकाश’लाही दोनच. तिथे टाळी फसवते. त्यापेक्षा मोबाईलवर मुलाचा आवाज रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. आणि खरी परीक्षा श्रुतलेखनाची. ज्या दिवशी वहीत ‘परकाश’ऐवजी ‘प्रकाश’ येईल, त्या दिवशी कानानेही फरक पकडला असं समजा.

रोज पाच शब्द पुरेत, तेही एकाच जोडीचे. आज प्र, तर फक्त प्र. यावल-रावेरकडच्या तडवी घरांतून आलेल्या मुलांची बोली वेगळी असते, त्यांचा स्वर दुसरीकडे घुसू शकतो. म्हणून आधी दोन दिवस नुसतं ऐका, कोणता शब्द कुठे तुटतो ते लिहून ठेवा, मग शिकवा.

आणि घरी नानी ‘इस्टेशन’ म्हणाली तर तिला सुधारायला मुलाला लावू नका. ते घरचं बोलणं आहे, तिथे ते बरोबरच आहे. मराठीच्या तासाला ‘स्टेशन’, नानीपाशी ‘इस्टेशन’. मुलाला दोन्ही येऊ शकतं.