‘मॅडम, माझ्या गाईड व्हाल का?’ : हे पत्र कसं लिहायचं

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली साधारण जुलैच्या सुमारास मला एक पत्र पाठवतात आणि म्हणतात, ‘ताई, एकदा बघ ना, मॅडमना द्यायचंय.’ पत्र चांगलं नम्र असतं. मॅडमच्या अनुभवाचं कौतुक असतं, ‘आपल्या मौल्यवान मार्गदर्शनाखाली’ असतं आणि विषय एका ओळीत असतो. वेळापत्रक मात्र बहुतेक वेळा नसतंच.

माझं स्वतःचं पहिलं पत्रही असंच होतं. ‘सलाईनबाबत परिचारिकांचं ज्ञान आणि सराव’ असा विषय लिहून मी ते एका ज्येष्ठ प्राध्यापिकांना दिलं. त्यांनी ते वाचलं, परत माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, ‘तुला माझ्याकडून नेमकं काय हवंय, आणि कधी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या नाही म्हणाल्या नव्हत्या, पण हो म्हणता येईल असं त्या पत्रात काही नव्हतंच.

मुद्दा इथेच आहे. हे पत्र विनंतीचं दिसत असलं, तरी वाचणाऱ्या बाईंना त्यावरून एक निर्णय घ्यायचा असतो. हा विषय माझ्या क्षेत्रात बसतो का? या मुलीला तो तिच्या वॉर्डात, तिच्या मुदतीत करता येईल का? आणि माझा किती वेळ जाईल? या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रात असली, की ते अर्ध्या पानाचं असलं तरी पुरतं. काही कॉलेजांत गाईड यादीप्रमाणे वाटून दिले जातात. तिथेही पहिल्या भेटीला हाच कागद घेऊन जा, काम तेच करतो.

आधी विषय अरुंद करा

माझाच विषय घेऊ. ‘सलाईन’ हा काही विषय झाला नाही. वॉर्डात आपण काय बघतो? आयव्ही कॅन्युला लावल्यावर दोन-तीन दिवसांत काही पेशंटचा हात लाल होतो, दुखतो, सुजतो. हा फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह. तो मोजायला तयार साधन आहे : अँड्र्यू जॅक्सन यांनी 1998 मध्ये मांडलेली व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस स्केल, आपण जिला व्हीआयपी स्कोअर म्हणतो. ती 0 ते 5 अशी असते. 0 म्हणजे जागा निरोगी. 2 म्हणजे दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन गोष्टी दिसतात, म्हणजे फ्लेबायटिसची सुरुवात.

आता प्रश्न असा करता येतो : आमच्या पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डात नव्याने लावलेल्या कॅन्युलांपैकी किती टक्क्यांत 72 तासांच्या आत स्कोअर 2 किंवा जास्त होतो? यात जागा ठरली, पेशंट ठरले, साधन ठरलं, मुदत ठरली. मॅडमना वाचताक्षणी कळतं की मुलीने वॉर्डात जाऊन बघितलंय.

मग आकडा काढा आणि तो वॉर्डावर तपासून बघा

किती कॅन्युला बघायच्या? एका प्रमाणाचा अंदाज काढायचा असेल तर नेहमीचं सूत्र हे :

n = Z² × p × (1 − p) / d²

आधीच्या अभ्यासांत फ्लेबायटिसचं प्रमाण खूप वेगवेगळं दिसतं. आपण 30 टक्के धरू आणि 10 टक्के इकडेतिकडे चालेल असं मानू. 1.96 चा वर्ग 3.84, गुणिले 0.3, गुणिले 0.7, भागिले 0.01. उत्तर 80.64, म्हणजे 81. काही पेशंट दुसऱ्या वॉर्डात जातील, काही मध्येच नको म्हणतील. त्यासाठी 10 टक्के गळती धरली की 90.

बहुतेक जणी इथे थांबतात आणि पत्रात ‘नमुना 90, कालावधी 1 महिना’ असं लिहून टाकतात. हा एक महिना आला कुठून? वॉर्डाचं रजिस्टर एक आठवडा बघा. समजा, रोज सरासरी 6 नव्या कॅन्युला लागतात आणि त्यांतले 4 पेशंट तुमच्या निकषात बसतात. मग 90 ला 4 ने भागलं की 23 दिवस, झाला महिना! पण थांबा. प्रत्येक कॅन्युला तुम्हाला 24, 48 आणि 72 तासांनी बघायची आहे. गुरुवारी लावलेली कॅन्युला 72 तासांनी रविवारी येते आणि रविवारी तुम्हाला सुट्टी. शुक्रवारची आणि शनिवारचीही मधली एक तपासणी रविवारीच पडते. म्हणजे नवे पेशंट घ्यायचे फक्त सोमवार, मंगळवार, बुधवारी. आठवड्याला 12. 90 ला 12 ने भागा : साडेसात, म्हणजे 8 आठवडे. महिन्याचे दोन महिने झाले.

हे जुलैत कागदावर कळलं तर काही बिघडत नाही. फेब्रुवारीत कळलं, की मुली रविवारचे रकाने अंदाजाने भरतात, आणि तो अभ्यास तिथेच संपतो. परीक्षक ते ओळखतातही : शनिवार आणि सोमवारच्या नोंदी वेगवेगळ्या असतात, पण रविवारची नोंद कायम शनिवारसारखीच.

रोजचा भारही मोजा. बुधवारी 4 नवे, मंगळवारचे 4, सोमवारचे 4, असे 12 पेशंट. प्रत्येकी 10 मिनिटं धरली तर दोन तास. क्लिनिकल पोस्टिंग सांभाळून हे जमतं.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

समजा, कॉलेजची सादर करण्याची तारीख पुढच्या वर्षीची 30 जून आहे. सह्या, छपाई आणि बाइंडिंगला तीन आठवडे सोडा. त्याआधी मॅडमना पूर्ण मसुदा वाचायला आणि तुम्हाला दुरुस्त करायला महिना हवा, म्हणजे मसुदा 30 एप्रिलला त्यांच्या हातात. विश्लेषण आणि लेखनाला सहा आठवडे, म्हणजे माहिती मार्चच्या मध्यापर्यंत गोळा झालेली हवी. 8 आठवड्यांत दोन आठवडे राखीव धरले तर सुरुवात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी पायलट. आणि त्याच्याही आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, कारण ती हातात आल्याशिवाय पायलटचा एकही पेशंट घेता येत नाही. कमिटी रोज बसत नाही आणि पहिल्या फेरीत शंका काढतेच. त्यामुळे अर्ज ऑगस्टअखेर गेला पाहिजे. दिवाळीच्या आठवड्यात ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया कमी होतात, म्हणून पायलट दिवाळीनंतर.

आता पत्र

आपल्याकडे हे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून देतात. सांगाडा तोच राहतो.

> प्रति,
> मा. सहयोगी प्राध्यापिका,
> मेडिकल सर्जिकल नर्सिंग विभाग
>
> विषय : एम.एस्सी. नर्सिंग डिझर्टेशनसाठी मार्गदर्शक होण्याबाबत विनंती
>
> आदरणीय मॅडम,
>
> मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझ्या डिझर्टेशनसाठी आपण मार्गदर्शक व्हावं, अशी विनंती करते. इन्फेक्शन कंट्रोलच्या आपल्या तासाला आपण व्हीआयपी स्कोअर शिकवला होता. त्यानंतर मी वॉर्डात पाहिलं, तर कॅन्युलाच्या जागेची नोंद केस पेपरवर क्वचितच दिसली. विषय तिथून सुचला.
>
> प्रश्न : पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डातील प्रौढ रुग्णांच्या नव्या कॅन्युलांपैकी किती टक्क्यांत 72 तासांत, किंवा कॅन्युला त्याआधी काढल्यास तोपर्यंत, व्हीआयपी स्कोअर 2 किंवा अधिक होतो?
>
> नमुना : 90 (प्रमाण 30 टक्के गृहीत धरून 81, अधिक गळती). एका आठवड्याच्या रजिस्टरवरून रोज सुमारे 4 पात्र रुग्ण मिळतात. रविवार टाळण्यासाठी नोंदणी सोमवार ते बुधवार करीन. त्यास 8 आठवडे लागतील.
>
> स्कोअर 2 किंवा अधिक आढळल्यास मी लगेच ड्युटीवरील सिस्टरना कळवीन. निरीक्षणासाठी रुग्णाला तसंच ठेवणार नाही.
>
> वेळापत्रक : सिनॉप्सिस आपल्याकडे 31 जुलै, एथिक्स कमिटीला अर्ज 31 ऑगस्ट, पायलट (9 रुग्ण) दिवाळीनंतर, मुख्य नोंदी जानेवारी ते मार्चचा मध्य, पूर्ण मसुदा 30 एप्रिल, सादर 30 जून.
>
> दर पंधरा दिवसांनी अर्धा तास आणि प्रत्येक प्रकरण वाचण्यास दहा दिवस, एवढा आपला वेळ लागेल असा अंदाज आहे. स्कोअर देण्यात मी एकटीच असेन, तर तो विश्वासार्ह कसा ठरवावा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. त्यावर आपलं मत हवं आहे.
>
> सोयीची वेळ कळवल्यास भेटायला येईन.
>
> आपली विद्यार्थिनी

या पत्रातल्या दोन ओळी

पहिली, सिस्टरना कळवण्याची. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सहभागी माणसाच्या सुरक्षिततेला संशोधनापेक्षा वर ठेवतात. निरीक्षणाचा अभ्यास म्हणजे नुसतं बघत राहणं असं नाही. सुजलेला हात दिसला की सांगायचंच. त्याने तुमचा निकाल बिघडतही नाही, कारण स्कोअर 2 झाला तेव्हाच ती नोंद झाली. एथिक्स कमिटी हा प्रश्न विचारतेच, आणि मॅडमना ते माहीत असतं.

दुसरी, ‘उमगलेलं नाही’ ही. अडचण लपवू नका, पण ती नेमकी सांगा. ‘मॅडम, विषय सुचवा’ ही अडचण नव्हे, ते आपलं काम दुसऱ्यावर टाकणं झालं. इथे मात्र मॅडमना लगेच उत्तर देता येतं : पायलटमध्ये दुसऱ्या एखाद्या अनुभवी सिस्टरना त्याच जागा स्वतंत्रपणे बघायला सांग, दोघींचे स्कोअर जुळवून बघ आणि कप्पा काढ. आणि हे उत्तर देता देता त्या गाईडचंच काम करायला लागलेल्या असतात.

पत्र एका वेळी एकाच मॅडमना द्या. चौघींना एकदम दिलं की स्टाफरूममध्ये दुपारपर्यंत कळतं. आठ-दहा दिवसांत निरोप आला नाही तर जाऊन भेटा. त्या नाही म्हणाल्या, तर दुसरं नाव विचारा आणि ‘आपल्या तासाला’ हे वाक्य बदलून पत्र पुढे न्या. बाकीचा कागद तसाच चालतो, आणि पुढे सिनॉप्सिसचं पहिलं पानही त्यातूनच तयार होतं.